वेबसाइट करून घेण्याआधी डिझायनरला पाठवायचं पत्र : कोल्हापुरातल्या दुकानदारांचे नेहमीचे प्रश्न

गुजरी, चप्पल लाइन, महाद्वार रोड, शाहूपुरी या भागांतल्या दुकानदारांसाठी मी वेबसाइट करतो. काम सुरू करण्याआधी प्रत्येकाकडून एक पत्र मागतो. दुकानाला काय हवंय, कधीपर्यंत हवंय आणि किती पैसे ठेवलेत, एवढं त्यात असावं. या पत्राबद्दल जे प्रश्न सारखे येतात त्यांची उत्तरं इथे आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, चप्पल लाइनमधल्या एका दुकानाचं. तुमचं दुकान साजाचं, गुळाचं किंवा मसाल्याचं असलं तरी प्रश्न हेच पडतात, उत्तरं मात्र तुमची तुम्हाला काढावी लागतील.

फोनवर सगळं बोलणं झालंय. मग पत्र कशाला?

फोनवर तुम्ही म्हणता, "साधी साइट पाहिजे, ऑर्डर घेता आली पाहिजे." डिझायनर म्हणतो, "होऊन जाईल." दोघांच्या डोक्यात वेगवेगळ्या साइट असतात. तुमच्या मनात गिऱ्हाइकानं फोटो बघून फोन करायचा असतो. त्याच्या मनात कार्ट, ऑनलाइन पेमेंट, ऑर्डरचे मेसेज आणि मालाचा साठा असतो. या दोन कामांच्या खर्चात दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो, आणि तो फरक निम्मे पैसे दिल्यावर लक्षात येतो. पत्र लिहायला बसलं की निदान तुमची बाजू तुम्हालाच आधी स्पष्ट होते.

पत्राची सुरुवात कशानं करू? रंग, डिझाइन, आवडलेल्या साइट?

ते शेवटी, दोन ओळींत. सुरुवात करा ती ऑर्डर आल्यावर तुमच्या दुकानात नेमकं काय होतं तिथून. बहुतेक पत्रांत हाच भाग नसतो, आणि कामाचा खर्च तर यावरच ठरतो.

चप्पल लाइनमधलं दुकान डोळ्यांसमोर आणा. रॅकवर कापशीचा एक जोड आहे, आठ नंबरचा. हाताचं काम असल्यामुळे त्या मापाचा, त्या वेणीचा तेवढा एकच जोड आहे. सकाळी अकराला नागपूरच्या गिऱ्हाइकानं तो साइटवर घेतला आणि पैसे भरले. त्याच वेळी अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेल्या एका कुटुंबानं काउंटरवरून तोच जोड उचलला. आता नागपूरला काय कळवायचं?

यावर मार्ग तीन आहेत. पहिला, काउंटरवरची प्रत्येक विक्रीही संगणकात नोंदवायची, म्हणजे साइटवरचा साठा आपोआप कमी होतो. त्यासाठी दुकानात बिलिंगचं सॉफ्टवेअर हवं, ते साइटला जोडायला हवं आणि नवरात्रातल्या गर्दीतही प्रत्येक जोड स्कॅन करणारा माणूस हवा. दुसरा, साइटवरच्या विक्रीचे जोड वेगळे काढून माळ्यावर ठेवायचे आणि काउंटरवरून त्यांना हात लावायचा नाही. हा सोपा आहे, पण तेवढं भांडवल अडकून पडतं. तिसरा, साइटवर तयार माल विकायचाच नाही. गिऱ्हाइकानं नमुना आणि माप सांगायचं, कारागिराकडून तो जोड करून घ्यायचा आणि पाठवायचा. यात साठा मोजायचा प्रश्नच उरत नाही, फक्त किती दिवस लागतील ते खरं सांगावं लागतं.

छोट्या दुकानाला मी बहुतेक वेळा तिसराच सुचवतो. पण निर्णय मालकाचा, आणि तो पत्रात लिहिलेला हवा. हे ठरवल्याशिवाय "ऑर्डर घेणारी साइट" एवढंच लिहिलं तर डिझायनर एक तर सगळ्यात महाग मार्गाचे पैसे सांगेल, नाहीतर सगळ्यात स्वस्त मार्गाचे सांगून नंतर वाढवेल.

माझ्याकडे चोवीस नमुने आहेत. "चोवीस प्रॉडक्ट" लिहिलं तर चालेल?

नाही. नमुने चोवीस असले तरी साइटमध्ये भरायच्या नोंदी चोवीस नसतात. समजा त्यातले चौदा पुरुषांचे आहेत, प्रत्येकाची सहा ते अकरा अशी सहा मापं. त्या झाल्या चौऱ्याऐंशी. दहा नमुने बायकांचे, चार ते आठ अशी पाच मापं, म्हणजे पन्नास. एकूण एकशे चौतीस. प्रत्येक जोड नैसर्गिक आणि गडद अशा दोन रंगांत मिळत असेल तर २६८. यातल्या प्रत्येक नोंदीला किंमत आहे, काहींना वेगळा फोटो आहे. डिझायनरनं चोवीस समजून पैसे सांगितले आणि पुढ्यात २६८ आल्या, तर काम तिथेच अडतं.

म्हणून पत्रात तक्ता द्या : नमुन्याचं नाव, पुरुष की स्त्री, मापं, रंग, किंमत. आणि पहिल्या टप्प्यात काय विकायचं ते कमी करा. सगळे नमुने दिसू देत, पण कार्टमध्ये जाणारे मोजकेच ठेवा. याच दुकानानं पुरुषांचे सहा आणि बायकांचे चार नमुने एकाच नैसर्गिक रंगात घेतले, तर छत्तीस अधिक वीस अशा छप्पन्न नोंदी होतात. बाकीच्या चौदा नमुन्यांचं नुसतं फोटो आणि किमतीचं पान, खाली व्हॉट्सॲपचं बटण.

एखादं लिहिलेलं पत्र दाखवाल का?

हे घ्या. दुकान आणि आकडे उदाहरणादाखल आहेत, पण अशा पत्रावर कुणीही अनुभवी डिझायनर दोन दिवसांत नेमकं कोटेशन देऊ शकेल.

> स. न. वि. वि.
>
> आमचं चप्पल लाइनमध्ये कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. माल आम्ही गावातल्या आणि आसपासच्या कारागिरांकडून करून घेतो. आजवर बाहेरगावची ऑर्डर व्हॉट्सॲपवर घेत आलो. आता साइट करायची आहे, त्यासाठी आपलं कोटेशन हवं.
>
> ऑर्डर अशी यावी : गिऱ्हाईक नमुना आणि माप निवडेल, यूपीआय किंवा कार्डानं पूर्ण पैसे भरेल. आम्हाला ईमेल आणि मोबाइलवर कळेल. आम्ही जोड करायला देऊ आणि कुरिअरनं पाठवू. दुकानातल्या साठ्याशी साइटचा संबंध नको. जोड तयार व्हायला १५ दिवस लागतात. पावसाळ्यात कातडं लवकर वाळत नाही, तेव्हा २५ दिवस धरतो. हा दिवसांचा आकडा आणि किमती मला स्वतःला मोबाइलवरून बदलता आल्या पाहिजेत. त्यासाठी आपल्याला फोन करावा लागू नये.
>
> पहिल्या टप्प्यात कार्टवर १० नमुने (५६ मापं), आणि नुसते दाखवायला १४ नमुने. तक्ता सोबत जोडला आहे. मापाचं एक पान हवं : कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं रेघ कशी मारायची आणि टाच ते अंगठा सेंटीमीटरमध्ये कसं मोजायचं, हे चित्रांसह. गिऱ्हाइकाला तो कागद फोटो काढून ऑर्डरसोबत जोडता यावा.
>
> बाकीची पानं : दुकानाबद्दल, संपर्क आणि नकाशा, चपलेची काळजी, परत-बदलीचे नियम, पाठवणीचे नियम, गोपनीयता. मजकूर मराठी आणि इंग्रजीत मी देईन. साइट दोन्ही भाषांत हवी, उघडताना मराठी दिसावी.
>
> आत्ता नको असलेल्या गोष्टी : ॲप, लॉगिन, कूपन, परदेशी पाठवणी, बिलिंग सॉफ्टवेअरची जोडणी. यातलं काही पुढे लागेल, पण आजच्या कोटेशनमध्ये धरू नये.
>
> मुदत : साइट ३१ ऑगस्टला सुरू व्हावी. गणपती आणि नवरात्राची गर्दी सुरू झाली की मी दिवसा फोनही घेऊ शकत नाही. माझ्याकडून फोटो ५ जुलैपर्यंत, मजकूर १५ जुलैपर्यंत मिळेल. आपल्याकडून पहिल्या पानाचा आणि एका नमुन्याच्या पानाचा आराखडा १२ जुलैला, पूर्ण साइट तपासायला १० ऑगस्टला मिळावी. माझ्याकडून उशीर झाला तर तेवढे दिवस आपली मुदत पुढे जाईल.
>
> बजेट : कामाचे ४५,००० रुपये ठेवले आहेत. सुरुवातीला १२,०००. पूर्ण साइट तपासायला मिळाल्यावर १८,०००. साइट सुरू होऊन दहा दिवस नीट चालल्यावर आणि सगळे पासवर्ड माझ्या हाती आल्यावर १५,०००. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे मी माझ्या कार्डानं वेगळे भरेन, खाती माझ्या नावावर असतील. वर्षाच्या देखभालीचे पैसे वेगळे सांगावेत. या रकमेत सगळं बसत नसेल तर काय कमी करावं ते कळवावं.
>
> आराखड्यावर दोन वेळा बदल सांगेन. प्रत्येक वेळी सगळे बदल एकत्र लिहून देईन. सूचना फक्त माझ्याकडूनच येतील.
>
> पूर्ण पैसे दिल्यावर साइटचं डिझाइन, चित्रं आणि आमच्यासाठी लिहिलेला कोड यांचे सर्व हक्क कायमचे आणि जगभरासाठी आमच्या दुकानाच्या नावे द्यावेत. त्याचा एक पानी करार आपण दोघं सही करू.
>
> कळावे,
> आपला,
> दुकानमालक

बजेट आधीच सांगितलं तर तो बरोबर तेवढंच कोटेशन देईल. लपवलेलं बरं ना?

ही भीती मी जवळपास प्रत्येक दुकानात ऐकतो. बाजारात आपण आधी भाव सांगत नाही, हे खरं. पण इथे वस्तू अजून तयार नाही. तुमच्या रकमेत बसेल अशी ती आखायची आहे. तुम्ही आकडा दिला नाहीत तर डिझायनर स्वतःच्या मनातल्या साइटची किंमत सांगेल. ती पाऊण लाख निघाली तर तुम्ही नाराज होणार, आणि वीस हजार निघाली तर काय सुटलंय हे तुम्हाला कळणार नाही.

पत्रातल्या "काय कमी करावं ते कळवावं" या वाक्याचा खरा उपयोग उत्तरात दिसतो. पंचेचाळीस हजारांत काम बसत नसेल तर चांगला डिझायनर म्हणेल, "दोन भाषांमुळे काम वाढतंय, पहिल्या टप्प्यात नमुन्यांची पानं दोन्ही भाषांत करू आणि बाकीची एकाच भाषेत." असं उत्तर देणाऱ्यानं तुमचं पत्र वाचलंय. "करून टाकू साहेब" एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

पैशांचे हप्ते तारखांना बांधू नका, डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींना बांधा. "महिन्यानं अर्धे" असं लिहिलं की महिना संपतो, काम दिसत नाही आणि पैसे मात्र देणं होतं.

मुदत किती ठेवावी?

वर लिहिलेल्या साइटला दोन महिने धरा. चपलेच्या दुकानाला पावसाळा यासाठी योग्य, कारण तेव्हा काउंटरवर गर्दी कमी असते आणि मालकाला फोटो काढायला, मजकूर लिहायला वेळ मिळतो. सीझनच्या तोंडावर साइट सुरू करू नका. पहिले काही दिवस बारीक चुका निघतातच : एखाद्या मापाची किंमत चुकते, ऑर्डरचा ईमेल स्पॅममध्ये जातो, एखाद्या फोनवर बटण दिसत नाही. त्या शांत दिवसांत निघालेल्या बऱ्या.

काम लांबतं ते बहुतेक वेळा दुकानाकडून यायचं सामान आलं नाही म्हणून. म्हणून पत्रात डिझायनरच्या तारखांबरोबर स्वतःच्या तारखाही लिहा. तुमची तारीख चुकली की त्याची पुढे सरकते, हेही त्यातच मान्य करा. मग शेवटी कुणामुळे उशीर झाला यावर वाद होत नाही.

फोटो मी व्हॉट्सॲपवर पाठवले तर?

व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं आणि वेणीची वीण, शिवणीचा दोरा पुसट होतो. पाठवायचेच असतील तर फोटो म्हणून न जोडता "डॉक्युमेंट" म्हणून जोडा, किंवा ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून लिंक द्या. मूळ फोटो चार-पाच एमबीचा असेल. साइटसाठी त्याचं वजन उतरवून एक-दोनशे केबीवर आणणं हे डिझायनरचं काम. ते त्यानं केलं नाही तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पान उघडायला वेळ लागतो. साइट तपासताना दुकानातलं वायफाय बंद करून मोबाइलच्या नेटवर एकदा उघडून बघा, लगेच कळेल.

प्रत्येक जोडाचे पाच फोटो पुरतात : वरून, बाजूनं, तळाचा, वेणीचा जवळून आणि पायात घातलेला. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली काढू नका. नैसर्गिक कातडं त्या उजेडात तांबूस दिसतं, घरी पोचलेला जोड फिका निघतो आणि गिऱ्हाईक परत पाठवतं. सकाळी सावलीत, पांढऱ्या कागदावर काढा. कातडं वापरानं आणि तेलानं गडद होत जातं, हेही त्या पानावर एका वाक्यात लिहा.

जुन्या माहितीपत्रकातला मराठी मजकूर देऊ का? तो छापखान्यातून मिळेल.

मिळेल, पण आधी तपासा. छापखान्यातल्या बऱ्याच फायली श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असतात. त्यात "कोल्हापुरी" हा शब्द त्या फाँटशिवाय उघडला की भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. वेबसाइटला युनिकोड मराठी लागतं. तपासायची सोपी रीत : फाइलमधलं एक वाक्य कॉपी करून स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड आहे. कचरा दिसला तर मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागेल, आणि नंतर तो ओळीनं वाचावा लागेल, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. हे वाचणं कोण करणार, तेही पत्रात लिहा.

आराखडा हातात आला की मोठ्या अक्षरांतली शीर्षकं नीट बघा. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबानं ठेवलेलं असेल तर वरची वेलांटी किंवा मात्रा कापली जाते, नाहीतर वरच्या ओळीच्या उकाराला चिकटते. मराठीत अंतर थोडं जास्त ठेवावं लागतं.

डोमेन डिझायनरच घेऊन देतो म्हणाला. हरकत आहे का?

घेऊन देऊ द्या, पण तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलनं आणि तुमच्या मोबाइलनं. ओळखायची खूण एकच : डोमेनच्या खात्यात शिरताना येणारा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? डिझायनरच्या फोनवर येत असेल तर पाटी तुमची असली तरी ताबा त्याचा आहे. उद्या त्यानं नंबर बदलला, काम सोडलं किंवा तुमच्यात बिनसलं तर डोमेनचं नूतनीकरण अडतं. मुदत उलटून गेली की पत्ता बंद पडतो, त्यावरचे ईमेलही बंद पडतात. काही काळानं तो पत्ता दुसरं कुणीही घेऊ शकतं.

होस्टिंगचं, पेमेंट गेटवेचं आणि गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीचंही हेच. डिझायनरला कामापुरती परवानगी द्या, मूळ खातं स्वतःकडे ठेवा. डोमेन घेताना पहिल्या वर्षाचा भाव सवलतीचा असतो, पुढच्या वर्षी तो वाढतो. दोन्ही आकडे विचारून घ्या.

पैसे मी दिले म्हणजे साइट माझीच ना? हक्कांचं वेगळं कशाला लिहायचं?

कायदा तसं म्हणत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कामाचा पहिला मालक ते करणारा असतो. नोकरीतल्या माणसाचं काम मालकाचं होतं, पण फ्रीलान्सर तुमचा नोकर नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंना वेगळा नियम आहे. तसा करार नसेल तर ते पैसे देणाऱ्याचे होतात. डिझाइन आणि कोड मात्र आपोआप तुमचे होत नाहीत.

हक्क द्यायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नाही तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असं मानलं जातं, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. म्हणून पत्रात "कायमचे आणि जगभरासाठी" हे शब्द आहेत. नुसत्या पत्रानं हक्क मिळत नाहीत, त्यावर डिझायनरच्या सहीचा कागद लागतो. तयार थीम, प्लगिन, फाँट यांचे परवाने मात्र त्यांच्या मूळ कंपन्यांचेच राहतात. डिझायनरनं कोणते वापरले आणि कोणाचे दर वर्षी पैसे भरावे लागतील, याची यादी मागून घ्या.

साइटवर जीआयचं चिन्ह लावायला सांगू का?

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. पण तुमचं दुकान कोल्हापुरात आहे एवढ्यानं चिन्ह वापरायचा हक्क मिळत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणी असेल तर क्रमांक पत्रात द्या. नसेल तर "चिन्ह लावू नये" असं स्पष्ट लिहा, कारण डिझायनर नेटवरून चिन्ह उतरवून चांगल्या हेतूनं लावून टाकतो आणि जबाबदारी तुमच्यावर येते. आपल्या कारागिरांसाठी इतक्या वर्षांनी मिळालेली ही ओळख आहे, ती नीट वापरली जावी असं मला मनापासून वाटतं.

कुरिअरचा खर्च साइटवर किती दाखवायचा?

हे डिझायनरला ठरवता येणार नाही, त्याला तुमच्या खोक्याचं माप द्या. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन यातलं जे जास्त असेल त्यावर पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० नं भागतात. ३२ × २० × ११ चं खोकं घेतलं तर ७,०४० भागिले ५,००० म्हणजे सुमारे १.४ किलो. आत जोड सातशे ग्रॅमचाच असला तरी पैसे दीड किलोचे लागू शकतात. उंची सातवर आणली तर तेच ०.९ किलो होतं. आधी खोकं ठरवा, मग कुरिअरवाल्याकडून महाराष्ट्रातला आणि बाहेरचा दर घ्या आणि ते दोन आकडे पत्रात लिहा.

जीएसटीचं डिझायनरला काय सांगायचं?

दोनच गोष्टी, पण आधी आपल्या कर सल्लागाराशी बोलून. पहिली, तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल तर राज्याबाहेर माल विकता येत नाही. मग साइटनं महाराष्ट्राबाहेरचे पिनकोड घ्यायलाच नकोत. हे आधी सांगितलं तर सहज होतं, नंतर बंगळुरूहून पैसे आल्यावर ते परत करत बसावं लागतं. दुसरी, २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के आणि त्यावरच्या जोडावर १८ टक्के कर आहे. दुकानात दोन्ही प्रकारचे जोड असतील तर सगळ्या मालाला एकच दर लावून चालणार नाही. साइटवरची किंमत करासह आहे की कर वेगळा, तेही लिहा. गिऱ्हाइकाला करासह एकच आकडा दिसलेला बरा.

परत-बदलीचे नियम दुसऱ्या साइटवरून घेतले तर?

घेऊ नका. मोठ्या कंपनीचं "पंधरा दिवसांत बिनशर्त परत" तुमच्या साइटवर आलं की ते तुमचं वचन होतं, आणि मापानं केलेला जोड परत घेऊन तो विकायचा कुणाला? तुम्ही दुकानात जे करता तेच साध्या शब्दांत लिहा : माप आमच्याकडून चुकलं तर दोन्हीकडचं कुरिअर आमचं, रेघ चुकीची मारली गेली असेल तर पट्टा सैल-घट्ट करून देऊ, जाण्यायेण्याचा खर्च गिऱ्हाइकाचा. पेमेंट गेटवेवाले खातं चालू करण्याआधी परतावा, पाठवणी, गोपनीयता आणि संपर्क ही पानं तपासतात, त्यामुळे ती शेवटच्या दिवसावर ढकलू नका. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार आल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करायचं असतं. त्यासाठी दुकानातल्या एका माणसाचं नाव आणि नंबर साइटवर लागतो. तो माणूस कोण, ते ठरवून डिझायनरला कळवा.

कॅश ऑन डिलिव्हरी ठेवू का?

करून द्यायच्या जोडाला नको. गिऱ्हाइकानं दारात नाकारला तर तुमच्याकडे त्याच्या मापाचा जोड आणि दोन वेळचं कुरिअर उरतं.

कोटेशन आल्यावर काय बघू?

आधी त्यानं काही विचारलंय का ते बघा. वरच्या पत्रावरही प्रश्न उरतातच : गिऱ्हाइकानं जोडलेला पायाचा कागद कुठे साठवायचा, दोन जोड वेगवेगळ्या मापांचे घेतले तर कुरिअर एक की दोन, ऑर्डर रद्द करायची मुदत किती. ज्यानं यातलं एकही विचारलं नाही त्यानं बहुधा तयार साचा काढून आकडा टाकलाय. मग कामाचे पैसे, दर वर्षीचे पैसे आणि बाहेरच्या सेवांचे पैसे वेगळे लिहिलेत का ते बघा. पेमेंट गेटवे प्रत्येक व्यवहारामागे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो. म्हणजे दोन हजारांच्या जोडामागे पन्नासेक रुपये, ते तुमच्या किमतीत धरलेत ना? शेवटी त्यानं केलेल्या दोन चालू साइटवर स्वतः मोबाइलवरून पैसे भरायच्या पायरीपर्यंत जाऊन बघा, आणि त्या दुकानदारांना फोन करून विचारा की किंमत बदलायची असली तर ते स्वतः बदलतात की डिझायनरला सांगतात.

पत्र व्हॉट्सॲपवर पाठवू की ईमेलवर?

ईमेलवर, तक्ता जोडून. व्हॉट्सॲपवर फक्त "ईमेल पाठवलाय" एवढं कळवा. पुढे जे बदल फोनवर ठरतील ते त्याच दिवशी त्याच ईमेलच्या उत्तरात दोन ओळींत लिहा, आणि समोरच्याचं "ठीक आहे" तिथेच घ्या.